वर्षभराची मुदत अर्जासाठी असते, गाडी चालवण्यासाठी नाही

पत्र

नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. माझं मोटारसायकल आणि कारचं लायसन्स सांगली आरटीओचं, 12 ऑगस्ट 2003 चं, जुन्या पुस्तकाचं आहे. माझा जन्म 3 जून 1974 चा. लायसन्स पन्नाशीपर्यंत चालतं अशा समजुतीत होतो. गेल्या आठवड्यात मिरज रस्त्यावर नाकाबंदीत साहेबांनी पुस्तक उघडलं आणि मुदत ऑगस्ट 2023 लाच संपल्याचं दाखवलं. एकाने सांगितलं, महिनाभर चालतं. दुसरा म्हणाला, वर्षभर चालतं. एजंट म्हणतो, जुनं विसरा, नवंच काढून देतो. बायकोचं स्कूटरचं लायसन्सही 19 फेब्रुवारी 2025 ला संपलंय, तिला नुकतीच चाळीस पूर्ण झाली. आमचं रिन्यू होईल का? आणि तोवर गाडी चालवली तर चालेल का?
— एक बागायतदार, तासगाव तालुका (नोव्हेंबर 2025)

उत्तर

नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यावर आजच निर्णय घ्यायचा आहे. तोवर गाडी चालवायची नाही. तुम्ही तर नाहीच, वहिनींनीही नाही, जरी त्यांची मुदत संपून अजून वर्ष झालेलं नसलं तरी.

महिनाभर चालतं असं सांगणारा माणूस अगदीच चुकीचं बोलत नव्हता, त्याची माहिती जुनी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 14 मध्ये पूर्वी एक वाक्य होतं की लायसन्सची मुदत संपली तरी पुढचे 30 दिवस ते लागू राहील. 2019 च्या दुरुस्तीत ते वाक्य काढून टाकलं आणि 1 सप्टेंबर 2019 पासून तो बदल लागू झाला. तेव्हापासून मुदत ज्या दिवशी संपते, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे गाडी चालवण्याचा परवाना नसतो. मध्ये एक दिवसाचीही सवलत उरलेली नाही.

वर्षभराचं जे ऐकलंत, ते त्याच दुरुस्तीतून आलंय, पण ते दुसऱ्या कलमात आहे. कलम 15 मध्ये, म्हणजे नूतनीकरणाच्या कलमात, जिथे 30 दिवस होते तिथे एक वर्ष केलं. त्याचा अर्थ एवढाच की मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केलात तर नेहमीच्या फीमध्ये आणि ड्रायव्हिंगची चाचणी न देता लायसन्स पुन्हा मिळतं. म्हणजे हे वर्ष कागद नीट करून घेण्यासाठी आहे. रस्त्यावर गाडी काढायची परवानगी त्यात कुठेही नाही. शिवाय नवं लायसन्स नूतनीकरण झाल्याच्या तारखेपासून सुरू होतं. मुदत संपल्याची तारीख आणि नूतनीकरणाची तारीख यांच्यामधले दिवस कायमचे बिनलायसन्सचे राहतात, ते मागाहून भरून निघत नाहीत. गोंधळ होतो तो इथेच. लोकांना वाटतं की वर्षात रिन्यू केलं म्हणजे मधला काळ आपोआप धुऊन निघाला.

याच दुरुस्तीने एक चांगली सोयही दिली आहे. मुदत संपण्याआधी वर्षभर अर्ज करता येतो. हातात मिळणारा काळ म्हणून दोन वर्षांचा होतो, एक आधी आणि एक नंतर. त्यातलं आधीचं वर्ष वापरलं तर गाडी एक दिवसही उभी करावी लागत नाही.

आता पन्नाशीचा हिशेब. 2003 साली जो नियम होता, त्यात खासगी गाडीचं लायसन्स 20 वर्षं किंवा वयाची 50 वर्षं, यातलं जे आधी येईल तिथपर्यंत असायचं. तुम्हाला पन्नास पूर्ण झाली जून 2024 मध्ये, पण वीस वर्षं त्याआधीच, 11 ऑगस्ट 2023 ला भरली. तिशीच्या आत लायसन्स काढलेल्या सगळ्यांच्या बाबतीत वीस वर्षांचीच अट आधी लागते. लोकांच्या लक्षात मात्र 'पन्नाशीपर्यंत' एवढंच राहतं. 2003 ते 2005 च्या सुमाराला विशी-पंचविशीत लायसन्स काढलेले तुमच्या भावकीत आणि सोसायटीत बरेच असतील. त्यांना आजच लायसन्स काढून तारीख बघायला सांगा. स्मार्ट कार्ड असेल तर `Valid Till` च्या पुढच्या तारखेजवळ `NT` लिहिलेलं असतं, ती खासगी गाडीची मुदत.

आधी वहिनींचं, कारण त्यांचं वर्ष अजून चालू आहे

वहिनींचं वर्ष 19 फेब्रुवारी 2026 ला संपेल. त्या दिवसाच्या आत अर्ज झाला तर त्यांना चाचणी नाही. तो दिवस हुकला तर तुमची जी पायपीट होणार आहे, तीच त्यांचीही होईल. म्हणून घरात आधी काम त्यांचं करा. फेब्रुवारीत बागेत माल उतरायला लागला की कुणालाच सवड होत नाही, तेव्हा तोवर थांबू नका.

त्यांचा मार्ग सोपा आहे. `sarathi.parivahan.gov.in` वर महाराष्ट्र निवडून `Apply for DL Renewal` मध्ये लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकायची. आधार वापरून अर्ज केला तर बहुतेक काम घरबसल्या होतं. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. बायकोच्या आधारला नवऱ्याचा जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असणं ही गावाकडची नेहमीची अडचण आहे. ओटीपी त्या नंबरवर जातो आणि अर्ज तिथेच अडतो. तसं असेल तर आधी आधार केंद्रावर नंबर बदलून घ्या.

चाळीस पूर्ण झाल्यामुळे त्यांना वैद्यकीय दाखला लागेल. त्याला नमुना 1अ म्हणतात. चाळिशीच्या आतल्या माणसाला नमुना 1 मध्ये स्वतःच्या तब्येतीची स्वतः घोषणा पुरते. चाळिशीनंतर नोंदणीकृत डॉक्टरांची तपासणी लागते. महाराष्ट्रात हा दाखला डॉक्टर आपल्या लॉगिनमधून थेट ऑनलाइन चढवतात. म्हणून कोणत्याही ओळखीच्या दवाखान्यात जाऊन चालत नाही. ज्या डॉक्टरांची त्या पोर्टलवर नोंदणी आहे त्यांच्याकडेच जावं लागतं. अर्जाचा क्रमांक सोबत न्या, त्याच क्रमांकावर दाखला जोडला जातो.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरीच एक गोष्ट करून बघा. नमुन्यात विचारलेलं असतं की चांगल्या उजेडात, 25 मीटरवरून, प्रत्येक डोळ्याने गाडीची नंबरप्लेट वाचता येते का. अंगणात गाडी उभी करा, तिच्यापासून पस्तीसेक पावलं चालत जा, मागे वळून एक डोळा झाकून नंबर वाचा. मग दुसरा डोळा झाका. चाळिशीच्या पुढे बऱ्याच जणांचा एक डोळा अधू झालेला असतो आणि दोन्ही उघडे असताना ते कळत नाही. चष्मा लावून वाचता आलं तरी चालतं. म्हणून आकडे धूसर दिसले तर आधी चष्मा करून घ्या आणि तो घालूनच तपासणीला जा. तपासणी झाल्यावर चष्मा केला तर दाखला पुन्हा घ्यावा लागतो.

दुरुस्तीनंतर 30 ते 50 वयातल्या माणसाला नूतनीकरण 10 वर्षांचं मिळतं, त्यामुळे वहिनींचं लायसन्स आता 2035 पर्यंत चालेल. फक्त नवी तारीख हातात येईपर्यंत स्कूटर घरी. मुलांना शाळेत सोडायची दुसरी सोय लावा.

तुमचं: वर्ष उलटून गेल्यावर काय बदलतं

तुमचं एक वर्ष 11 ऑगस्ट 2024 ला संपलं. त्यानंतर कलम 15 ची भाषा एकदम कडक होते. 2019 पूर्वी मुदत संपून पाच वर्षं उलटली तरच आरटीओ चाचणी मागू शकत असे, आणि तीही मागायची की नाही हे त्याच्या हातात होतं. आता एक वर्ष उलटलं की आरटीओला नूतनीकरण नाकारावंच लागतं. ते तेव्हाच करता येतं, जेव्हा तुम्ही गाडी चालवण्याची चाचणी पुन्हा पास होता. तिथे कुणाची ओळख कामाला येत नाही, कारण अधिकाऱ्याच्या हातात काही ठेवलेलंच नाही.

कायद्यात फक्त चाचणी असा शब्द आहे. पण चाचणीसाठी गाडी रस्त्यावर, ट्रॅकवर आणायची तर काहीतरी चालू परवाना हातात लागतो. त्यामुळे प्रत्यक्षात आधी लर्निंग लायसन्स काढावं लागतं आणि ते मिळून किमान 30 दिवस झाल्यावरच पक्क्या चाचणीला बसता येतं. लर्निंग सहा महिने चालतं. तुम्ही नोव्हेंबर अखेरीस लर्निंग काढलं तर डिसेंबर संपायच्या सुमारास चाचणीची अपॉइंटमेंट घेता येईल, म्हणजे काढणीचा हंगाम सुरू होण्याआधी काम उरकेल.

पण लर्निंगच्याही आधी तुम्हाला एक पायरी आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. तुमचं लायसन्स जुन्या पुस्तकाचं आहे. ते सारथीवर दिसतं का, हे आधी बघा. नंबर टाकल्यावर काही सापडत नसेल तर त्याची नोंद संगणकात चढलेलीच नाही. त्या नोंदीला आरटीओत 'बॅकलॉग' म्हणतात. ती ज्या कार्यालयाने लायसन्स दिलं तिथूनच होते. तुमचं एमएच-10 म्हणजे सांगलीचं, त्यामुळे काम जवळ आहे. लायसन्स पूर्वी कोल्हापूरहून, म्हणजे एमएच-09 वरून काढलेलं असतं तर कोल्हापूरला जावं लागलं असतं. मूळ पुस्तक, त्याच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स आणि आधार घेऊन जा आणि बॅकलॉग नोंदीसाठी साधा अर्ज द्या. कार्यालय जुन्या रजिस्टरशी पडताळून नोंद करतं आणि तुमचा नंबर नव्या साच्यात येतो. आधी MH10, मग 2003, मग सात आकडे.

नोंद झाली असं सांगितलं की लगेच घरी येऊ नका. सारथीवर तो नंबर टाकून तिथेच बघा. दोन चुका वारंवार होतात. पहिली, नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नाही. पुस्तकात 'रामराव' आणि आधारवर 'राम' असलं तरी पुढे आधारचा पर्याय अडतो. दुसरी चूक जास्त महागात पडते. पुस्तकात मोटारसायकल आणि कार असे दोन प्रकार असतात आणि नोंद करताना एकच चढतो. हाताने लिहिलेलं, शाई पसरलेलं पान असलं की असं होतं. स्क्रीनवर `MCWG` आणि `LMV` ही दोन्ही अक्षरं दिसली पाहिजेत. पहिलं गिअरच्या मोटारसायकलचं, दुसरं कारचं. एक गायब असेल तर तेव्हाच दाखवून द्या. पुढचा सगळा अर्ज त्या नोंदीवर उभा राहतो. नंतर लक्षात आलं तर तो प्रकार नव्याने वाढवून घ्यायचा वेगळा अर्ज करावा लागेल.

एजंटच्या सल्ल्याबद्दल इथेच सांगतो. 'जुनं विसरा' म्हणजे लर्निंगच्या अर्जात तुमच्याकडे पूर्वी कधीच लायसन्स नव्हतं असं लिहायचं. त्या अर्जाखाली दिलेली माहिती खरी असल्याची तुमची सही असते. जुनी नोंद आज ना उद्या तुमच्या आधारने समोर येते. शिवाय बावीस वर्षांपूर्वीची पहिली तारीख हातची जाते. उद्या तुम्ही कुठे ड्रायव्हिंगचा अनुभव दाखवायचा म्हटलं, तर तीच तारीख पुरावा असते. लर्निंगचा अर्ज करताना आधीचं लायसन्स असल्याचा पर्याय निवडा आणि जुना नंबर द्या. लांबचा वाटला तरी रस्ता हाच धरा.

लर्निंगसाठी तुम्हालाही नमुना 1अ लागेल, तो वर सांगितल्याप्रमाणेच. मग वाहतुकीच्या नियमांची आणि चिन्हांची परीक्षा, तिच्यात 60 टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. आधारचा पर्याय उघडला तर ती घरून देता येते, नाहीतर आरटीओत संगणकावर. वीस वर्षं गाडी चालवलेली माणसं तयारी न करता बसतात आणि चिन्हांवर अडकतात. रोज बघतो ती चिन्हं आपण वाचत नसतो. एक संध्याकाळ त्यासाठी द्या.

लर्निंग मिळालं म्हणजे पुन्हा पूर्वीसारखी गाडी काढता येते असं नाही. कार चालवताना शेजारी त्या गाडीचं चालू लायसन्स असलेला माणूस हवा, आणि तो अशा जागी बसलेला हवा की वेळ पडली तर गाडी थांबवू शकेल. गाडीला पुढे आणि मागे 'एल'ची पाटी लागते. 18 सेंटिमीटर चौकोनी पांढऱ्या पाटीवर लाल रंगाचं, किमान 10 सेंटिमीटर उंचीचं अक्षर. मोटारसायकलवर शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाला मागे बसवता येत नाही. शेतमजुराला मागे बसवून बागेत नेलंत तर लर्निंग असूनही तो गुन्हाच.

चाचणीचा दिवस

तिसाव्या दिवसानंतरची अपॉइंटमेंट घ्या आणि दोन्ही प्रकार एकाच दिवशी मागा. चाचणीसाठी गाडी तुमचीच न्यायची असते आणि तिचे कागद त्या दिवशी चालू असले पाहिजेत. आरसी, विमा, पीयूसी. पीयूसी संपलेली असल्यामुळे रांगेतून परत पाठवलेली माणसं दर आठवड्याला दिसतील. गाडी तिथवर चालवत नेणारा माणूस लायसन्सवाला हवा, हे विसरू नका.

तुमच्या लायसन्सवर गिअरची मोटारसायकल आहे, म्हणून चाचणीला गिअरचीच न्या. घरात स्कूटर आहे म्हणून ती नेलीत तर गिअरच्या प्रकाराची चाचणी होणार नाही. आठच्या आकड्यात पाय टेकला की गुण गेले. वेग फार कमी ठेवला की तोल जातो. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा धरून, नजर चाकाकडे न ठेवता पुढच्या वळणाकडे ठेवायची. हेल्मेट घालूनच आठ काढायची सवय करा. वर्षानुवर्षं बागेच्या बांधावरून बिनहेल्मेटचं चालवणाऱ्याला त्या दिवशी हेल्मेटमुळे मान जड वाटते आणि बाजूचं नीट दिसत नाही.

कारमध्ये अनुभवी माणूस सहसा सवयींमुळे नापास होतो. बसल्या बसल्या गाडी सुरू करणं, बेल्ट नंतर लावणं, आरसे न बघणं, वळल्यावर इंडिकेटर देणं. तपासणी करणारे निरीक्षक हेच बघत असतात. रिव्हर्स घेताना फक्त आरशावर विसंबू नका, मान वळवून मागे बघा. चढावर थांबवून पुन्हा काढायला सांगितलं तर गाडी मागे घसरता कामा नये. हँडब्रेक ओढा, क्लच उचलत गाडी किंचित बसल्यासारखी झाली की मग ब्रेक सोडा. या दोन गोष्टींचा सराव त्या 30 दिवसांत, शेजारी लायसन्सवाला बसवून, रिकाम्या जागेत करा. सराव हीच त्या महिन्याची खरी कमाई आहे.

नापास झालात तरी आभाळ कोसळत नाही. सात दिवसांनी पुन्हा बसता येतं. मात्र तीनदा नापास झाल्यास शेवटच्या चाचणीपासून 60 दिवस थांबावं लागतं, आणि दर वेळी चाचणीची फी पुन्हा भरावी लागते.

पैसे किती लागतील

केंद्रीय नियम 32 च्या तक्त्यावरून तुमचा हिशेब असा बसतो. लर्निंग दर प्रकाराला 150, म्हणजे दोनचे 300, आणि लर्निंगच्या परीक्षेचे 50. चाचणी दर प्रकाराला 300, म्हणजे 600. मुदतीत केलं असतं तर नूतनीकरणाला 200 पडले असते, आता ते 300 आहेत. त्यावर विलंबाचे दर वर्षाला 1000, आणि वर्षाचा तुकडाही पूर्ण वर्ष धरतात. विलंब मोजायचा तो सवलतीचं वर्ष संपल्यापासून. 11 ऑगस्ट 2024 पासून आजवर एक वर्ष आणि तीन महिने झालेत, म्हणजे दोन वर्षं धरून 2000. स्मार्ट कार्डाचे 200. हे सगळं मिळून 3450 होतात, त्यावर टपालाचा खर्च. डॉक्टरांची फी वेगळी. भरायचा आकडा शेवटी सारथीच्या स्क्रीनवर येतो तोच. तो यापेक्षा बराच जास्त आला तर विलंबाच्या ओळीत किती वर्षं धरली आहेत तेवढं बघा. मुदत संपल्याच्या तारखेपासूनच मोजणी झालेली असेल तर भरण्याआधी कार्यालयात विचारा.

विलंबाची जादा फी माफ होण्याची एक वाट कायद्यात आहे. वेळेत अर्ज न करण्यामागे पुरेसं आणि खरं कारण होतं असं अधिकाऱ्याला पटलं, तर नेहमीची फी घेता येते. लांबलेलं आजारपण, मोठा अपघात अशा प्रकारचं, दवाखान्याच्या कागदांसह. 'मुदत लक्षात आली नाही' हे त्यात बसत नाही. आणि अशी माफी मिळाली तरी ती पैशांची असते, चाचणी टळत नाही.

आत्ता चालवलं तर काय होईल

पकडलं गेल्यास मुदत संपलेलं लायसन्स हे लायसन्स नसल्यातच जमा. कलम 181 खाली 5000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी तुमच्या नावावर असेल आणि वहिनींना चालवायला दिली, तर चालवणाऱ्याचा गुन्हा वेगळा आणि बिनलायसन्स माणसाच्या हातात गाडी दिल्याचा मालकाचा, कलम 180 चा, वेगळा.

पण दंडापेक्षा मला काळजी विम्याची वाटते. तुमच्या गाडीच्या पॉलिसीत चालकाबद्दलचं कलम काढून वाचा. अपघाताच्या वेळी चालवणाऱ्याकडे लागू असलेलं लायसन्स हवं, असं त्यात लिहिलेलं असतं. ते नसेल तर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारते. मालक-चालकाचा जो 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा तुम्ही पॉलिसीबरोबर भरता, त्यालाही हीच अट आहे. म्हणजे तुम्हाला काही झालं तर घरच्यांना ती रक्कम मिळणं अवघड होतं. समोरच्या माणसाला इजा झाली तर अशा प्रकरणांत न्यायालय विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला सांगतं आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. भरपाईचे आकडे लाखांत असतात. ते बागेच्या उताऱ्यावर येऊ शकतात. आणि अपघातानंतर धावाधाव करून लायसन्स रिन्यू करून उपयोग होत नाही, कारण नवी तारीख नूतनीकरणाच्या दिवसापासूनची, अपघाताच्या दिवसाची नाही.

या दोन महिन्यांत बेदाण्याच्या सौद्याला, औषधं आणायला सांगलीला जायचं असेल तर लायसन्सवाल्या मुलाला किंवा शेजाऱ्याला गाडीवर घ्या, नाहीतर एसटी आहेच.

चाचणी पास झालात की कार्ड टपालाने घरच्या पत्त्यावर येतं. अर्जातला पत्ता पोस्टमनला सापडेल असा, वस्तीच्या किंवा मळ्याच्या नावासकट लिहा. मळ्यात राहणाऱ्यांची कार्डं पत्ता अपुरा म्हणून परत जातात. तुम्हाला 51 पूर्ण झाली आहेत, आणि 50 ते 55 मधल्या माणसाला आता साठ पूर्ण होईपर्यंत मुदत मिळते. कार्डावर जून 2034 मधली तारीख आहे का आणि दोन्ही प्रकार आहेत का, एवढं पाकीट फोडल्याबरोबर बघा. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून पुरणार नाही. मोबाइलमध्ये जून 2033 ची आठवण लावून ठेवा, कारण त्या महिन्यापासून पुढचा अर्ज करता येईल.